‘बोळे’ लिहिलंत तर कापूस येईल: कारखान्यातल्या आवाजाचे नियम मराठीत आणताना

प्रश्न: “मी इंग्रजीतून मराठीत तांत्रिक अनुवाद करते. चाकणच्या एका प्रेस शॉपसाठी आवाजाची मोजणी आणि कानांचं संरक्षण यावरचा चौदा पानी दस्तऐवज आलाय. मूळ मसुदा कंपनीच्या युरोपातल्या मुख्य कार्यालयाचा आहे. एक्स्पोजर, अ‍ॅक्शन व्हॅल्यू, अटेन्युएशन यांना प्रमाण मराठी शब्द कोणते? आणि कायद्याच्या भाषेत लिहू की कामगारांना कळेल असं?”

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो सुटला की पहिल्यातला निम्मा भाग आपोआप सुटतो.

चौदा पानं टेबलावर मांडा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने लिहा, हे पान कोण वाचणार. बहुतेक वेळा तीन वाचक निघतात. काही पानं व्यवस्थापन आणि कारखाना निरीक्षक वाचतात: मर्यादा किती, जबाबदारी कोणाची. काही पानं मीटर घेऊन फिरणारा माणूस वाचतो. उरलेली दोन-तीन पानं प्रेसवर उभ्या असलेल्या ऑपरेटरची. तो ती वाचतही नाही, सुपरवायझर सकाळच्या पाच मिनिटांत वाचून दाखवतो. मूळ इंग्रजीत सगळं एकाच सुरात असतं, म्हणून आपणही चौदा पानं एकाच सुरात ओढत नेतो. पहिल्या गटाला कायद्याची भाषा द्या. ‘भोगवटादार’ हा शब्द तिथे शोभतो, कारण आपल्याकडच्या कायद्याच्या मराठीत तोच रूढ आहे. ऑपरेटरच्या पानावर मात्र भोगवटादार आला तर त्याला घरमालकच आठवेल.

मी अकरा वर्षं प्रेस शॉपमध्ये सुरक्षा पर्यवेक्षक होतो, नंतर अनुवादाकडे वळलो. त्यामुळे माझी मतं जरा यंत्राच्या बाजूने झुकलेली आहेत, तेवढं धरून वाचा.

अनुवादाला हात लावण्याआधी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला एक फोन करा आणि विचारा की या कागदातले आकडे कोणत्या नियमाचे आहेत. आपल्याकडे कारखाने अधिनियम, १९४८ खालच्या नियमांत मोठ्या आवाजाच्या कामांसाठी जो तक्ता चालत आला आहे, तो आठ तासांना ९० डेसिबल इथून सुरू होतो. आवाज ५ डेसिबलने वाढला की मुभेचा वेळ निम्मा होतो. ९५ ला चार तास, १०० ला दोन, १०५ ला एक, ११० ला अर्धा तास, ११५ ला पंधरा मिनिटं, आणि ११५ च्या वर क्षणभरही नाही. युरोपचा २००३ चा निर्देश वेगळ्या हिशोबाने चालतो. त्यात ८० आणि ८५ अशा उपाय सुरू करण्याच्या दोन पायऱ्या आहेत, वर ८७ ची मर्यादा आहे, आणि वेळ निम्मा होतो तो ३ डेसिबललाच. त्यातही एक मेख आहे: ८७ च्या मर्यादेशी तुलना करताना कानातल्या साधनाने झालेली घट वजा करून बघायचं, ८० आणि ८५ शी तुलना करताना ती वजा करायची नाही. इंग्रजीत हे अर्ध्या वाक्यात येऊन जातं आणि अनुवादात हमखास गळतं.

फरक किती पडतो ते एका माणसाच्या दिवसावर बघा. समजा, ऑपरेटर पाच तास प्रेसवर असतो, तिथे ९२ डेसिबल. दोन तास ग्राइंडिंगला, तिथे ९७. एक तास तपासणीच्या खोलीत, ७५. आपल्या तक्त्यात ९२ ला सहा तासांची मुभा आहे आणि ९७ ला तीन तासांची. पाच भागिले सहा अधिक दोन भागिले तीन, म्हणजे दीड. बेरीज एकच्या वर गेली की मर्यादा ओलांडली, आणि हा माणूस दीडपट आहे. आता हाच दिवस युरोपच्या पद्धतीने मांडा. तिन्ही टप्प्यांची ऊर्जा एकत्र करून आठ तासांत वाटली की उत्तर ९३.५ डेसिबल येतं. ८५ च्या पायरीपेक्षा ते साडेआठने जास्त आहे, म्हणजे ऊर्जेच्या हिशोबात सुमारे सात पट. माणूस तोच, दिवस तोच. एका कागदावर ‘दीडपट’, दुसऱ्यावर ‘सात पट’.

दोन्ही बरोबर आहेत. अनुवादकाने फक्त ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. एका कामात माझ्याकडे तपासायला आलेल्या मसुद्यात मुख्य मजकुरात ८५ होते आणि भारतासाठी जोडलेल्या परिशिष्टात ९०. अनुवादकाला वाटलं छपाईची चूक आहे, त्याने सुसंगतीसाठी सगळीकडे ९० केले. हेतू चांगला होता, पण ८५ ते ९० च्या मधे काम करणारा अख्खा विभाग त्या कागदातून बाहेर पडला. आकडा खटकला तर बदलू नका, समासात प्रश्न लिहा. हल्ली जुन्या कायद्यांच्या जागी संहिता येत असल्याने, कोणत्या नियमाचं नाव आणि साल छापायचं हेही कंपनीकडूनच लेखी घ्या. ते ठरवणं आपलं काम नाही.

याच हिशोबातून ‘सरासरी’ या शब्दाची अडचण निघते. अर्धा दिवस ८० आणि अर्धा दिवस १०० असेल तर मराठी वाचक सरासरी ९० धरणार, शाळेत तेच शिकलोय. खरं उत्तर ९७ आहे, कारण १०० वाला अर्धा दिवस जवळजवळ सगळी ऊर्जा घेऊन येतो. म्हणून तांत्रिक पानांवर मी ‘आठ तासांना समतुल्य पातळी’ लिहितो आणि पहिल्यांदा येते तिथे एका वाक्यात सांगतो की ही साधी सरासरी नव्हे. तसंच ‘३ डेसिबलने आवाज दुप्पट होतो’ असं लिहू नका. दुप्पट होते ती कानावर पडणारी ऊर्जा. ऐकणाऱ्याला फरक जेमतेम जाणवतो. ऑपरेटर ३ डेसिबलचा फरक स्वतःच्या कानांनी ऐकून बघतो, त्याला दुप्पट वाटत नाही, आणि मग तो उरलेल्या कागदावरही विश्वास ठेवत नाही.

आता तुमचे तीन शब्द.

एक्स्पोजरला शास्त्रीय लेखनात ‘उद्भासन’ भेटेल. ते फोटोच्या काचेला ठीक आहे. ‘संपर्क’ही वापरतात, पण आवाजाशी संपर्क म्हटलं की फोन लावल्यासारखं वाटतं. आपल्या भाषेत आवाज कानावर पडतो. मी तेच धरतो: ‘जागेवरचा आवाज’ आणि ‘कानावर पडणारा आवाज’. पहिला प्रेसचा असतो, दुसरा माणसाचा. प्रेसजवळ ९८ असतील, पण माणूस तिथे वीस मिनिटंच असेल तर दिवसभरात त्याच्या कानावर पडणारा आवाज बराच कमी भरतो. इंग्रजीत लेव्हल आणि एक्स्पोजर हे शब्द हा भेद सांभाळतात. मराठीत दोन्हीकडे नुसतं ‘आवाजाची पातळी’ लिहिलं की भेद पुसला जातो आणि लोक यंत्राजवळचा आकडा घेऊन थेट आठ तासांच्या मर्यादेशी ताडून बघतात. कायद्याच्या पानांवर लांब रूप ठेवा: ‘दिवसभरात कानावर पडणाऱ्या आवाजाची पातळी’. डोससाठी ‘मात्रा’ चालतो, टक्क्यांत येतो तिथे तर छान बसतो.

अ‍ॅक्शन व्हॅल्यूला ‘कारवाई’ चुकूनही लावू नका. कारखान्यात कारवाई म्हणजे मेमो. ‘८५ डेसिबलला कारवाईची पातळी’ असं वाचून एका युनियन प्रतिनिधीने मला शांतपणे विचारलं होतं, आवाज मशीनचा, मग कारवाई आमच्यावर का? तेव्हापासून मी ‘पहिली उपाय-पातळी’ आणि ‘दुसरी उपाय-पातळी’ लिहितो. अटेन्युएशनला कोशातला ‘क्षीणन’ आहे, पण ‘घट’ पुरतो: ‘इअरप्लगमुळे होणारी घट’. पाकिटावर एसएनआर किंवा एनआरआर म्हणून छापलेला आकडा ही प्रयोगशाळेत मोजलेली घट आहे, आणि दोन्ही एकच नाहीत, म्हणून ती आद्याक्षरं पाकिटावर असतील तशीच ठेवा, भाषांतर करू नका. नाही तर स्टोअरवाला पाकीट आणि कागद जुळवूच शकणार नाही. प्लग आणि मफ दोन्ही एकत्र घालण्याची सूचना असेल तर ‘एकूण घट’ असा शब्दप्रयोग टाळा. दोन आकड्यांची बेरीज होत नसते. साधारण हिशोब असा की दोघांतल्या मोठ्या आकड्यावर पाचेक डेसिबलची भर पडते.

शब्दांपेक्षा मला जास्त त्रास दिलाय तो क्रियापदांनी, म्हणून इथे जरा थांबतो. युरोपच्या नियमात पहिल्या पातळीला मालकाने साधनं उपलब्ध करून द्यायची आहेत. घालायची की नाही ते कामगारावर. दुसऱ्या पातळीला पोचल्यावर ती वापरलीच पाहिजेत. इंग्रजीत दोन्हीकडे सक्तीचंच क्रियापद आहे, फक्त सक्ती वेगवेगळ्या गोष्टीची आणि वेगवेगळ्या माणसावर आहे. आता नेहमीच्या अनुवादात बघा: ‘८० डेसिबलच्या वर श्रवण संरक्षण साधने उपलब्ध करण्यात यावीत. ८५ डेसिबलच्या वर श्रवण संरक्षण साधने वापरण्यात यावीत.’ व्याकरण निर्दोष आहे. पण ‘यावीत’ म्हणजे आज्ञा की सल्ला? ‘पाणी उकळून प्यावे’ यातही ‘वे’च आहे. आणि करणारा कोण, तो वाक्यात कुठेच नाही.

माझी पद्धत अशी. इंग्रजीत सक्ती असेल तिथे ‘बंधनकारक आहे’ किंवा ‘-लेच पाहिजे’. शिफारस असेल तिथेच ‘-वे’. मुभा असेल तिथे ‘-ता येईल’. ही वाटणी पहिल्या पानावर एका ओळीत छापून टाकतो आणि चौदा पानं पाळतो. कर्ता प्रत्येक वाक्यात परत आणतो. वरची दोन वाक्यं मग अशी होतात: ‘दिवसभरात कानावर पडणारा आवाज ८० डेसिबल किंवा त्याहून जास्त असलेल्या प्रत्येक कामगाराला कंपनीने कानांच्या संरक्षणाची साधने उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. हा आवाज ८५ डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर कामगाराने ती साधने वापरणे, आणि तो वापरतो आहे हे कंपनीने पाहणे, बंधनकारक आहे.’ वाक्य लांबलं, चालेल. ‘च्या वर’ आणि ‘किंवा त्याहून जास्त’ यातला फरकही बघा: बरोबर ८५ आला तर पहिल्यात तो सुटतो, दुसऱ्यात सापडतो. कोणतं बरोबर हे मूळ वाक्य पाहूनच ठरवा. दोन्ही प्रकारचे मसुदे मी पाहिलेत.

मोजणीच्या पानांवर वेगळाच प्रकार चालतो. तिथला वाचक जाणकार असतो, त्याला मराठी पर्याय नको असतात, बटणं हवी असतात. मीटरच्या पडद्यावर LAeq दिसतं, LCpeak दिसतं. ते तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे मराठीत एक ओळ लिहा. आवाज एकदम फुटतो तेव्हाचा क्षणिक आकडा म्हणजे पीक, त्याला ‘शिखर’ म्हणा. मॅक्सिममला ‘कमाल’. दोन्हींना ‘सर्वाधिक’ म्हटलंत तर प्रेसच्या ठोक्याची नोंद चुकीच्या रकान्यात जाते, आणि शिखराची मर्यादा १४० असल्यामुळे ती कमाल आकड्याशी ताडली की सगळंच सुरक्षित दिसतं.

‘स्लो’ हे मीटरचं एक सेटिंग आहे. काटा किंवा आकडा किती झपाट्याने हलावा ते त्याने ठरतं. स्लोला एक सेकंद, फास्टला सेकंदाचा आठवा भाग. एका कारखान्यात पूर्वीच्या कोणीतरी केलेल्या मराठी कागदात लिहिलं होतं, ‘मोजमाप हळू पद्धतीने करावे’. तिथला पोरगा खरोखरच मीटर हातात धरून पालखीबरोबर चालावं तसा प्रेसच्या रांगेतून चालला होता. मीटर फास्टवरच होता. ‘मीटर SLOW या सेटिंगवर ठेवा’ एवढं लिहिलं असतं तर त्याची पायपीट वाचली असती.

‘वारंवारता’ हा दुसरा सापळा. हर्ट्झमधली वारंवारता वेगळी आणि मोजणी किती दिवसांनी करायची ती वेगळी, इंग्रजीत शब्द एकच. हर्ट्झसाठी वारंवारता ठेवा. दुसऱ्यासाठी सरळ ‘दर किती महिन्यांनी’ लिहा. ‘कॅलिब्रेशन’चंही तसंच. मीटर प्रयोगशाळेत पाठवून प्रमाणपत्र आणणं हेही कॅलिब्रेशन, आणि मोजणीच्या आधी व नंतर छोटा कॅलिब्रेटर मायक्रोफोनवर बसवून, बहुधा १००० हर्ट्झला ९४ डेसिबल, आकडा जुळतो का बघणं हेही लोक कॅलिब्रेशनच म्हणतात. मी दुसऱ्याला ‘जागेवरची पडताळणी’ म्हणतो, नाहीतर वर्षाचं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे म्हणून रोजची पडताळणी कोणी करत नाही. आणि मायक्रोफोन कुठे धरायचा ते वाक्य शब्दशः जपा. माणूस जागेवर असेल तर कानापासून १० ते ४० सेंटीमीटर, ज्या कानाला आवाज जास्त त्या बाजूला. मी ‘ऑपरेटरजवळ’ असं मोघम भाषांतर पाहिलंय. तसं लिहिलं की जो तो आपल्या सोयीने तीन फुटांवर उभा राहतो.

एक शब्द मात्र असा आहे की तो मराठीत आला की हसू येतंच: पाळी. कारखान्यात शिफ्ट म्हणजे पाळी. कानाच्या तपासणीच्या भागात, विशेषतः अमेरिकी नियमांतून आलेल्या मजकुरात, ‘स्टँडर्ड थ्रेशोल्ड शिफ्ट’ हा प्रकार येतो. कामगाराच्या पहिल्या चाचणीच्या तुलनेत २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झला मिळून सरासरी १० डेसिबल किंवा जास्त घसरण दिसली, तर त्याला हे नाव आहे. (इथली सरासरी साधीच आहे, गोंधळू नका.) हे मी एका मसुद्यात ‘प्रमाणित पाळी मर्यादा’ असं वाचलंय. फॅक्टरी डॉक्टरांना वाटलं रात्रपाळीबद्दल काही आहे. ‘ऐकू येण्याच्या क्षमतेत नोंदण्याजोगी घसरण’ असं लिहा. आणि त्या भागात ‘हिअरिंग’ला ‘सुनावणी’ तर कुठे राहिलं नाही ना, तेही बघा. हसू नका, ‘सुनावणी संवर्धन कार्यक्रम’ मी छापलेला पाहिलाय.

पाळीचा दुसरा अर्थ ऑपरेटरच्या पानावर भेटतो. फोमचा इअरप्लग घालताना कान ओढायचा असतो, आणि बहुतेक भाषांतरांत ‘कानाची पाळी ओढा’ असं असतं. पाळी म्हणजे डूल अडकवतो तो खालचा भाग. तो खाली ओढून प्लग आत जात नाही. कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढला की कानाचा मार्ग सरळ होतो. मी ते पान असं लिहितो:

‘हात स्वच्छ धुवा. प्लग बोटांत धरून वळा, वातीसारखा बारीक होईपर्यंत, सुरकुती न पडू देता. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून घ्या आणि कानाचा वरचा भाग वर व मागे ओढा. प्लग आत सरकवा. बोटाने तसाच धरून मनात तीसपर्यंत मोजा, तोवर तो आत फुगेल. आरशात समोरून पाहिल्यावर प्लग बाहेर डोकावत असेल तर काढा आणि पुन्हा घाला.’

वात वळणं आपल्या लोकांना हातात बसलेलं असतं, म्हणून ती उपमा मी सोडत नाही. मात्र वात म्हटलं म्हणून ‘बोळा’ म्हणू नका. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः पोस्टरवर ‘कानात बोळे घाला’ असं लिहिलं होतं, साधं मराठी म्हणून मनात खूशही होतो. आठवड्याभरात दोन लाइनवर कापसाचे बोळे दिसायला लागले. एकाने तर मशीन पुसायच्या चिंध्यांचा केला होता. कोणी बेशिस्तपणा केला नव्हता, कागदावर जे होतं तेच केलं होतं. साध्या कापसाने आवाज फारसा अडत नाही. ‘इअरप्लग’ आणि ‘इअरमफ’ हे शब्द फ्लोअरवर रुळलेत, तेच ठेवा. कायद्याच्या पानांवर हवं तर ‘कानांच्या संरक्षणाची साधने’.

याच पानावरचं एक वाक्य मी प्रत्येक वेळी ग्राहकाशी भांडून बदलून घेतो. मूळात असतं की या भागात असेपर्यंत साधन सतत घातलेलं असलं पाहिजे. मराठीत ते ‘काम करताना वापरावे’ होऊन येतं. आता ऑपरेटरची प्रेस बंद आहे, डाय बदलायचं चाललंय, तो काम करत नाहीये, प्लग काढला. शेजारच्या चार प्रेस चालूच आहेत. पूर्ण आठ तास घातला तर ३० डेसिबल घट देणारा प्लग त्यातला अर्धा तास काढून ठेवला, तर दिवसाच्या हिशोबात घट १२ च्या आसपास उरते. तो अर्धा तास उरलेल्या साडेसात तासांची कमाई खाऊन टाकतो. म्हणून मी जागेला बांधून लिहितो: ‘पिवळ्या पट्ट्याच्या आत पाऊल टाकण्याआधी इअरप्लग घाला. पट्ट्याबाहेर आल्यावरच काढा. तुमची मशीन बंद असली तरी काढू नका.’ पट्टा कोणत्या रंगाचा आहे, आहे की नाही, ते आधी विचारून घ्या. कागदात पट्टा आणि फरशीवर काहीच नाही, असंही झालंय.

काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही. त्या फ्लोअरवर मराठी वाचणारे किती आहेत, हे आधी विचारा. चाकणला कंत्राटी कामगारांत निम्मे बाहेरच्या राज्यांतले असू शकतात, तिथे फक्त मराठी पोस्टर म्हणजे अर्ध्या लोकांसाठी भिंतीची शोभा. तिथे निळ्या गोलातलं कानावर मफ घातलेल्या डोक्याचं चिन्ह मोठं ठेवा, मजकूर मराठी-हिंदीत खाली. आणि मराठी वाचणारेही कुठले आहेत ते बघा. लातूर-बीडकडची मुलं जास्त असतील तर माझी पुणेरी वळणं ती खपवून घेतात, पण तिथल्या सुपरवायझरकडून एकदा वाचून घेतलं की पानाचा ताठा जातो.

शेवटचा टप्पा मी मोबदल्यात धरूनच घेतो: एक तास फ्लोअरवर. ऑपरेटरचं पान एका ऑपरेटरच्या हातात देतो आणि काही न समजावता प्लग घालायला सांगतो. तो जिथे अडतो किंवा माझ्याकडे बघतो, ती ओळ चुकलेली. मग सुपरवायझरला विचारतो, ८२ डेसिबलच्या जागी प्लग सक्तीचा आहे का? त्याने ‘हो’ म्हटलं तर माझी क्रियापदं अजून कच्ची आहेत. मीटरवाल्याला विचारतो, बरोबर ८५ आला तर कोणत्या रकान्यात लिहाल? या तीन प्रश्नांत एखादं पान बदलावं लागलं नाही, असं माझ्या आठवणीत तरी झालेलं नाही. जाताना खिशात प्लगच्या दोन जोड्या ठेवा, एक तुमच्यासाठी. गेटवर बहुधा संपलेले असतात.